क्लोरीन एकच, बंध दोन

वर्कशीटवर NaCl आणि CCl₄ शेजारी आले की अनेक मुले दोन्हींत रेघ ओढतात. चूक तिथेच होते.

क्लोरीनचे इलेक्ट्रॉन संरूपण २, ८, ७. अष्टकाला एक कमी. सोडियमचे २, ८, १. त्याचा बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉन सहज सुटतो आणि क्लोरीनकडे जातो. मग Na⁺ आणि Cl⁻ एकमेकांना खेचून धरतात. हा आयनिक बंध. इथे रेघ नको, प्रभार दाखवा.

कार्बन २, ४. चार इलेक्ट्रॉन सोडायला फार ऊर्जा लागते, म्हणून तो चार क्लोरीन अणूंशी भागीदारी करतो. हा सहसंयुज बंध. लुईस संरचना मोजून पडताळा: ४ + २८ = ३२ इलेक्ट्रॉन. चार रेघांत ८ गेले. उरलेले २४ प्रत्येक क्लोरीनभोवती तीन जोड्यांत दिसायला हवेत.