'सा पठते' का चुकतं?

संस्कृत नव्याने शिकणाऱ्या मराठी माणसाच्या वहीत एक चूक हमखास सापडते. 'तो वाचतो' याचं 'सः पठति' असं तो बिनचूक लिहितो आणि पुढच्याच ओळीत 'ती वाचते'साठी 'सा पठते' लिहून मोकळा होतो. दोष मराठी कानाचा आहे. आपल्याला 'ते' ऐकलं की बाई दिसते: ती करते, ती बोलते, ती वाचते. मग संस्कृतात 'ति' पुल्लिंगी आणि 'ते' स्त्रीलिंगी असणार, असं मनाने परस्पर ठरवलेलं असतं.

संस्कृत क्रियापदाला मात्र लिंग नसतं. सः पठति, सा पठति, मित्रं पठति. तिन्ही लिंगांत एकच रूप. मराठीत 'वाचतो, वाचते, वाचतं' असे तीन प्रकार होतात, कारण हे रूप मुळात क्रियापदाच्या प्रत्ययांतून आलेलंच नाही. ते 'पठत्' (वाचणारा, वाचत असलेला) यासारख्या धातुसाधित विशेषणाच्या वळणाने आलं आहे, आणि विशेषण म्हटलं की लिंग आलंच.

मग संस्कृतातले खरे वर्तमानकाळी प्रत्यय मराठीत आले तरी कुठे? ते आपल्या भविष्यकाळात जाऊन बसले आहेत. संस्कृत 'चलति' प्राकृतातून झिजत 'चाले' झालं आणि त्याला 'ल' लागून 'चालेल' झालं. 'चलन्ति'चं 'चालती' आणि मग 'चालतील'. 'चलसि'चं 'चालसी' आणि मग 'चालशील'. 'चालतील'मधला 'ती' म्हणजे 'अन्ति'चा वंशज, आणि 'चालशील'मधला 'शी' म्हणजे 'सि'चा. याची खूण लिंगातच सापडते: तो चालेल, ती चालेल, ते चालेल. इथे मराठीही लिंगभेद करत नाही.

आता प्रत्ययांची पूर्ण मांडणी पाहू. संस्कृत व्याकरण 'तो'पासून सुरू होतं, म्हणून तिथे 'तो' हा प्रथम पुरुष, 'तू' मध्यम आणि 'मी' उत्तम पुरुष. मराठी व्याकरणातला 'प्रथम पुरुष' म्हणजे 'मी', तेव्हा इथे गोंधळ होऊ द्यायचा नाही. प्रत्येक पुरुषाला एकवचन, द्विवचन, बहुवचन. 'वद्' म्हणजे बोलणे हा धातू घेतला तर रूपं अशी होतात:

वदति – वदतः – वदन्ति (तो, ते दोघे, ते सगळे)
वदसि – वदथः – वदथ (तू, तुम्ही दोघे, तुम्ही सगळे)
वदामि – वदावः – वदामः (मी, आम्ही दोघे, आम्ही सगळे)

हे परस्मैपदाचे नऊ प्रत्यय: ति, तः, अन्ति, सि, थः, थ, मि, वः, मः. धातू आणि प्रत्यय यांच्यामध्ये एक 'अ' येतो, म्हणून 'वद्'चं 'वद' होतं. मग 'मि, वः, मः' यांच्यापुढे तो 'अ' लांबतो आणि 'वदामि, वदावः, वदामः' ही रूपं मिळतात.

दुसरा संच आत्मनेपदाचा. त्यासाठी 'लभ्' म्हणजे मिळवणे हा धातू घेऊ:

लभते – लभेते – लभन्ते
लभसे – लभेथे – लभध्वे
लभे – लभावहे – लभामहे

पहिल्या नजरेत एक गोष्ट लक्षात येते: नऊच्या नऊ रूपं 'ए'वर संपतात. हा योगायोग नाही, त्यामागे पाणिनीचा एक नियम आहे. पाणिनीने दोन्ही संचांचे अठरा मूळ प्रत्यय एकाच सूत्रात ओळीने मांडले. त्यातला पहिला 'ति' आणि शेवटची 'ङ्' ही खुणेची मात्रा जोडून त्याने सगळ्यांना मिळून 'तिङ्' हे नाव दिलं. 'तिङन्त' म्हणजे क्रियापद, ते यामुळेच. या ओळीतले आत्मनेपदाचे मूळ प्रत्यय 'त, आताम्, झ' असे सुरू होतात. त्यांत 'ए' नाही. पण वर्तमानकाळाचं पाणिनीय नाव 'लट्', आणि ज्या काळाच्या नावाला 'ट्' जोडलेला असतो तिथे आत्मनेपदी प्रत्ययाचा शेवटचा स्वर, त्यापुढे व्यंजन असेल तर त्यासकट, काढून 'ए' घालायचा असा त्याचा नियम आहे.

हा नियम चालताना पाहायचा तर भूतकाळाशेजारी वर्तमानकाळ ठेवावा. भूतकाळ म्हणजे 'लङ्'. त्याला 'ट्' नाही, म्हणून तिथे प्रत्यय मूळ वळणावर राहतात. 'अलभत' म्हणजे त्याने मिळवलं. पुढचा 'अ' काढा, शेवटच्या 'अ'च्या जागी 'ए' ठेवा: लभते. 'अलभन्त'चं लभन्ते. 'अलभेथाम्'मधला 'आम्' पूर्ण जातो आणि 'लभेथे' उरतं. 'अलभध्वम्'मधला 'अम्' जाऊन 'लभध्वे', 'अलभावहि'मधली 'इ' जाऊन 'लभावहे'. या ओळीतून फक्त 'तू'चं रूप निसटतं. 'अलभथाः'पासून 'लभथे' व्हायला हवं होतं, पण होतं 'लभसे'. त्यासाठी पाणिनीने वेगळं सूत्र केलं आहे. 'मी'चं रूप तर आपल्या रोजच्या ओळखीचं. 'वंदे मातरम्'मधलं 'वन्दे' म्हणजे 'मी वंदन करतो' किंवा 'करते'. 'वन्द्' आत्मनेपदी, म्हणून 'वन्दामि' होत नाही.

आता खरा प्रश्न: कोणत्या धातूला कोणता संच? नावांचा अर्थ सरळ आहे, परस्मै म्हणजे दुसऱ्यासाठी आणि आत्मने म्हणजे स्वतःसाठी. हा अर्थ खरोखर कुठे लागू पडतो ते 'यज्' धातूत दिसतं. यज्ञ सांगणारा पुरोहित दुसऱ्याच्या वतीने यज्ञ करतो, फळ त्याला मिळायचं नसतं. त्याची क्रिया 'यजति'. ज्याच्या घरी यज्ञ आहे आणि पुण्य ज्याच्या पदरी पडायचं, त्याची क्रिया 'यजते'. 'यजमान' हा शब्द याच आत्मनेपदी रूपातून बनला. स्वयंपाकी दुसऱ्यांसाठी शिजवतो तेव्हा 'पचति', स्वतःच्या पानासाठी शिजवतो तेव्हा 'पचते'.

पण हा अर्थ मोजक्या, म्हणजे उभयपदी धातूंपुरताच चालतो. बाकीच्या धातूंचं पद ठरलेलं असतं आणि तिथे अर्थ शोधत बसण्यात हशील नाही. 'वदति' आणि 'भाषते' दोन्हींचा अर्थ 'बोलतो'. एक परस्मैपदी, दुसरं आत्मनेपदी. 'भाषते' म्हणणारा स्वतःशी बोलत नसतो. एक गोष्ट मात्र पक्की आहे: कर्मणी प्रयोगात प्रत्यय नेहमी आत्मनेपदीच. 'पठति' म्हणजे वाचतो, 'पठ्यते' म्हणजे वाचलं जातं. 'पठ्' परस्मैपदी असूनही तिथे 'ते' येतो. म्हणजे 'सा पठते' चूक, पण 'ग्रन्थः पठ्यते' बरोबर.

धातूचं पद ओळखायला मराठी माणसाच्या हाताशी एक सोपं साधन आहे. आत्मनेपदी धातूंची विशेषणं 'मान'वर संपतात आणि मराठीने ती जशीच्या तशी घेतली आहेत. 'वर्तमान' माहीत असेल तर 'वर्तते' सापडलं, 'वर्धमान'वरून 'वर्धते', 'विद्यमान'वरून 'विद्यते'. परस्मैपदाकडे 'अंत' असतो: 'जिवंत'मागे 'जीवति', 'ज्वलंत'मागे 'ज्वलति'. मात्र हे साधन डोळे मिटून वापरू नये. 'बुद्धिमान', 'श्रीमान' यांतला 'मान' नामाला लागलेला वेगळाच प्रत्यय आहे. 'दृश्यमान'चा अर्थ 'दिसत असलेलं', म्हणजे ते कर्मणी रूप. त्यावरून 'पाहतो' या अर्थी आत्मनेपद काढलं तर फसगत होईल, कारण ते रूप 'पश्यति' असं परस्मैपदी आहे.

वाचताना आणखी एक सापळा लागतो, तो 'न'चा. 'वदति' एकवचन आणि 'वदन्ति' बहुवचन, हे एकदा बसलं की 'न' दिसला तरच अनेकवचन असं वाटू लागतं. पण 'ददति' म्हणजे 'देतो' नव्हे, 'ते सगळे देतात'. एकवचन 'ददाति'. 'दा'सारख्या, पहिलं अक्षर दुणावणाऱ्या धातूंपुढे 'अन्ति'मधला 'न' राहत नाही. आत्मनेपदात तर मध्ये 'अ' न येणाऱ्या सगळ्याच धातूंचा 'न' जातो. 'आस्' म्हणजे बसणे: 'आस्ते' तो बसतो, 'आसते' ते बसतात. एका अर्ध्या 'स्'वर वचन फिरतं. असं रूप भेटलं की आधी कर्ता शोधावा. 'जनाः' असेल तर शंका मिटते.

धातूचं पद कोशात नोंदलेलं असतं. वामन शिवराम आपटे यांच्या 1890 मध्ये निघालेल्या संस्कृत-इंग्रजी कोशात प्रत्येक धातूसमोर गणाचा आकडा आणि 'पी', 'ए' किंवा 'यू' हे इंग्रजी अक्षर छापलेलं आहे: परस्मैपद, आत्मनेपद, उभयपद. पण ते अक्षर पाहून लगेच कोश मिटू नये, खालची उपसर्गांची रूपंही पाहावीत, कारण उपसर्ग लागला की पद बदलू शकतं. 'विशति' म्हणजे शिरतो, पण 'नि' लागला की 'निविशते'. 'रमते' आत्मनेपदी, पण थांबणे या अर्थी 'विरमति'. 'जयति' परस्मैपदी, पण 'वि' किंवा 'परा' लागला की 'विजयते', 'पराजयते'.

या शेवटच्या नियमावर एक शंका नेहमी निघते: आपल्या राजमुद्रेवरच्या ब्रीदवाक्यात उपसर्ग नसताना 'जयते' कसं? पाणिनीच्या हिशेबाने तिथे 'जयति'च हवं. पण ते वाक्य मुंडकोपनिषदातलं आहे, आणि वेद-उपनिषदांच्या भाषेत दोन पदांमधलं कुंपण इतकं पक्कं नव्हतं. पाणिनीलाही हे ठाऊक होतं. वैदिक भाषेत अशी अदलाबदल होते, हे त्याने सूत्रात नोंदवून ठेवलं. तेव्हा राजमुद्रेवरचं 'जयते' चूक धरू नये, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत 'नृपः जयते' लिहून त्याचा दाखलाही देऊ नये. तिथे गुण 'जयति'लाच मिळतील.