पन्नास रुपये कुठे गेले?

डोंबिवली पूर्वेला माझ्या घरी संध्याकाळी इंजिनीअरिंगची मुलं डेटाबेस शिकायला येतात. दोघं कल्याणची, एक मुलगी ठाण्याची. परवा मी त्यांच्यापुढे एका पतसंस्थेचं कल्पित उदाहरण ठेवलं. खातं A मध्ये 1000 रुपये, B मध्ये 2000. T1 हा व्यवहार A मधून 500 काढून B मध्ये भरतो. T2 दोन्ही खात्यांवर दहा टक्के व्याज चढवतो. दोघं एकाच वेळी सुरू झाले आणि त्यांची कामं अशी एकमेकांत मिसळली (R म्हणजे वाचणं, W म्हणजे लिहिणं):

```
R1(A) W1(A) R2(A) W2(A) R2(B) W2(B) R1(B) W1(B)
```

आधी पूर्ण T1 आणि मग T2 केला, तर A मध्ये 550 आणि B मध्ये 2750 होतात. उलट क्रमाने केलं तर 600 आणि 2700. आकडे वेगळे असले तरी दोन्ही उत्तरं मान्य, कारण एकामागून एक काम केल्यावर जे येईल ते बरोबरच. मिसळलेल्या शेड्यूलचं उत्तर असं कुठल्या तरी एका क्रमाच्या उत्तराशी जुळायला हवं. इथे येतात 550 आणि 2700. दोन्ही क्रमांत बेरीज 3300 होती, इथे 3250. A मधून निघून B पर्यंत न पोहोचलेल्या 500 रुपयांवर कुणीच व्याज दिलं नाही, तेच हे पन्नास.

पण प्रत्येक शेड्यूलचे आकडे असे मोजत बसता येत नाहीत. म्हणून प्रिसिडन्स ग्राफ काढायचा. प्रत्येक व्यवहाराचं एक वर्तुळ. एकाच खात्यावरची, वेगवेगळ्या व्यवहारांतली दोन कामं घ्यायची. त्यांतलं निदान एक लिहिण्याचं असेल, तर ज्याचं काम आधी झालं त्याच्याकडून दुसऱ्याकडे बाण.

ठाण्याच्या मुलीने एकच बाण काढला, T1 कडून T2 कडे, आणि "सर, चालेल" म्हणाली. ती फक्त A वरची कामं तपासून थांबली होती. ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता पहिल्या दिवसापासून प्रत्येक खात्याची ओळ वेगळी लिहायला लावतो:

```
A: R1 W1 R2 W2
B: R2 W2 R1 W1
```

आता डोळ्यांना दिसतं. A च्या ओळीत R1–W2, W1–R2, W1–W2 या तिन्ही जोड्या T1→T2 सांगतात. बाण मात्र एकच पुरे. B च्या ओळीत तिन्ही जोड्या T2→T1. चक्र झालं. T1 आधीही हवा आणि नंतरही, असा क्रम लावता येत नाही, म्हणून हे शेड्यूल कॉन्फ्लिक्ट सिरियलायझेबल नाही.

कल्याणच्या एका मुलाने चांगली शंका काढली: T2 ने व्याजाऐवजी दोन्ही खात्यांत सरळ शंभर-शंभर भरले तर? तेव्हा A मध्ये 600, B मध्ये 2600, म्हणजे अगदी बरोबर. ग्राफमधलं चक्र मात्र तसंच राहतं. या चाचणीला फक्त वाचणं आणि लिहिणं कळतं, मध्ये बेरीज झाली की गुणाकार हे कळत नाही. ती 'हो' म्हणाली तर निश्चिंत राहावं. 'नाही' म्हणाली तर उत्तर चुकेलच असं नाही, पण भरवसा उरत नाही. मला ही सावधगिरी पटते.

चालू डेटाबेस सहसा हा ग्राफ काढत बसत नाही. 1976 मध्ये ईश्वरन, ग्रे, लोरी आणि ट्रेगर यांनी मांडलेला टू-फेज लॉकिंगचा नियम तेच काम करतो: एकदा एखादं कुलूप सोडलं की नवं घ्यायचं नाही. T1 ला B चं कुलूप हाती येईपर्यंत A चं सोडताच येत नाही, मग T2 त्याच्या पुढे जाऊन B ला हात लावणार कसा?

शेवटी मी शेड्यूल सुधारून दिलं आणि त्यात बेरीज छापणारा T3 घातला:

```
R3(A) R1(A) W1(A) R2(A) W2(A) R1(B) W1(B) R2(B) W2(B) R3(B)
```

खाती अचूक राहिली, 550 आणि 2750. पण T3 ने A जुना वाचला आणि B नवा, म्हणून कागदावर 3750 आले. "तो तर काहीच लिहीत नाही," मुलगी म्हणाली. तरी पुन्हा तिनेच ओळी मांडल्या: A वरून T3→T1, B वरून T1→T3. मग R3(B) खोडून R3(A) च्या शेजारी लिहिलं. आता T3 कडे एकही बाण येत नव्हता, तो बाजूला काढला. उरलेल्यांत T1 कडे येणारा बाण नव्हता, तोही काढला. राहिला T2. वहीच्या कडेला तिने लिहिलं: T3, T1, T2.