मधला एक महिना गहाळ झाला तर वाढ किती?

एप्रिल २०२० मध्ये मारुती सुझुकीने देशांतर्गत बाजारात एकही गाडी विकली नाही. कारखाने आणि शोरूम बंद होते, त्यामुळे त्या महिन्याच्या रकान्यात शून्य लिहिणे अगदी बरोबर होते. त्याच महिन्यात सांख्यिकी मंत्रालयाला ग्राहक किंमत निर्देशांकाचा सर्वसाधारण आकडा जाहीर करता आला नाही. बाजारात जाऊन किमती टिपण्याचे काम १९ मार्चपासून थांबले होते. किमती अस्तित्वात होत्या, त्यांची पुरेशी नोंद नव्हती. पहिला आकडा शून्य आहे, दुसरा गहाळ आहे. बारा महिन्यांची सरकती बेरीज आणि गतवर्षीच्या तुलनेतली वाढ काढताना बहुतेक घोटाळे या दोन गोष्टी एकच मानल्यामुळे होतात.

हे घोटाळे समजून घ्यायला एक काल्पनिक दूध संकलन केंद्र घेऊ. २०२३ मधले त्याचे संकलन, हजार लिटरमध्ये, जानेवारी ते डिसेंबर असे: ६०, ५६, ५०, ४०, ३६, ३४, ४०, ४६, ५०, ५६, ६२, ६४. एकूण ५९४. हिवाळ्याच्या पुष्टकाळात दूध भरपूर, उन्हाळ्याच्या कृशकाळात कमी. २०२४ मध्ये प्रत्येक महिन्यात नेमकी १० टक्के वाढ झाली, असे धरू. मात्र मे २०२४ ची नोंदच राहिली नाही. खरी वाढ १० टक्के आहे हे वाचकाला ठाऊक आहे, हिशेब करणाऱ्याला नाही.

गैरसमज: मोकळा रकाना तसाच सोडून बेरीज केली तरी चालते.

वस्तुस्थिती: एक्सेलमधले `SUM` आणि डेटाबेसमधले `SUM` दोन्ही मोकळी जागा मुकाट्याने वगळतात. कुठलीही सूचना येत नाही. बेरजेपुरता याचा परिणाम शून्य लिहिण्यासारखाच होतो. २०२४ च्या अकरा महिन्यांची बेरीज ६१३.८ येते. ती २०२३ च्या ५९४ शेजारी ठेवली की वाढ ३.३ टक्के दिसते. अकरा महिन्यांची तुलना बारा महिन्यांशी झालेली असते, आणि अहवाल वाचणाऱ्याला ते कळायला मार्ग नसतो.

गैरसमज: शेवटच्या बारा ओळी म्हणजे शेवटचे बारा महिने.

वस्तुस्थिती: ज्या महिन्याची नोंद नाही त्याची ओळच तक्त्यात नसेल, तर बारा ओळी मोजताना हिशेब तेरा महिने मागे जातो. डिसेंबर २०२४ पासून बारा ओळी घेतल्या तर त्यांत डिसेंबर २०२३ चे ६४ शिरतात आणि बेरीज ६७७.८ होते. पुष्टकाळातला डिसेंबर दोनदा, कृशकाळातला मे एकदाही नाही. ५९४ शी तुलना केली तर वाढ १४.१ टक्के.

एकेका महिन्याच्या तुलनेतही हेच घडते. `LAG(liter, 12)` हे फलन बारा ओळी मागे पाहते, कॅलेंडर पाहत नाही. त्यामुळे जून २०२४ ची तुलना मे २०२३ शी होते आणि वाढ ३.९ टक्के निघते, तर डिसेंबर २०२४ ची तुलना नोव्हेंबर २०२३ शी होऊन ती १३.५ टक्के निघते. जून २०२४ ते मे २०२५ असे सलग बारा महिने ही तुलना चुकीच्या महिन्याशी होत राहते. जून २०२५ मध्ये गाडी आपोआप रुळावर येते, म्हणून ही चूक शोधायला अवघड असते. ती पकडायची तर प्रत्येक ओळीत बारा ओळी मागची तारीखही छापून पाहावी.

यावरचा उपाय म्हणजे आधी सगळ्या महिन्यांचा एक अखंड तक्ता करणे आणि नोंदी त्याला जोडणे. मग गहाळ महिन्याचीही ओळ राहते, तिच्यातला आकडा फक्त मोकळा असतो. पोस्टग्रेसमध्ये ते असे लिहिता येते:

```sql
SELECT c.mahina,
  CASE WHEN COUNT(s.liter) OVER w = 12
       THEN SUM(s.liter) OVER w END AS ekun12
FROM calendar c
LEFT JOIN sankalan s ON s.mahina = c.mahina
WINDOW w AS (ORDER BY c.mahina
  ROWS BETWEEN 11 PRECEDING AND CURRENT ROW);
```

यातली `COUNT` ची अट महत्त्वाची आहे. खिडकीत बारा खरे आकडे नसतील तर बेरीज दाखवलीच जात नाही. मात्र याची किंमत मोजावी लागते: मे २०२४ गहाळ असल्याने मे २०२४ ते एप्रिल २०२५ या सगळ्या बेरजा मोकळ्या राहतात. त्यांच्यावर आधारलेली वार्षिक वाढ तर चोवीस महिने निघत नाही, कारण हीच खिडकी पुढच्या वर्षी तुलनेचा पाया होते. एकेका महिन्याची वाढ काढली तर नुकसान फक्त दोन महिन्यांचे, मे २०२४ आणि मे २०२५.

गैरसमज: अकरा महिन्यांची सरासरी काढून बाराने गुणले की भरपाई होते.

वस्तुस्थिती: ६१३.८ ला ११ ने भागून १२ ने गुणले तर ६६९.६ येतात आणि वाढ १२.७ टक्के होते. मे हा कमी दुधाचा महिना असताना त्याला सरासरी महिन्याइतके दूध दिले गेले. डिसेंबर गहाळ असता तर हीच रीत वाढ कमी दाखवती. जिथे हंगामाचा फरक मोठा, तिथे ही रीत हमखास फसते.

त्यापेक्षा साधी रीत म्हणजे दोन्ही वर्षांतून तोच महिना काढून टाकणे. २०२३ मधून मे वगळला की ५५८ उरतात. ६१३.८ भागिले ५५८, म्हणजे बरोबर १० टक्के. एवढे अचूक उत्तर मिळाले कारण या उदाहरणात सगळे महिने सारखेच वाढले आहेत. खऱ्या आकड्यांत गहाळ महिना इतरांसारखाच वागला असेल, हे गृहीतच राहते. म्हणून अशा आकड्याजवळ ‘१२ पैकी ११ महिन्यांची तुलना’ असे लिहायला हवे. चार-पाच महिने गहाळ असतील तर वार्षिक वाढ म्हणून तो आकडा न देणेच योग्य.

गैरसमज: अंदाजाने भरलेला आकडा खऱ्या आकड्यासारखाच वापरता येतो.

वस्तुस्थिती: एकूण लिटर हवेच असतील तर मे २०२३ चे ३६ घेऊन त्यावर उरलेल्या महिन्यांची १० टक्के वाढ चढवता येते. मे ३९.६, वर्ष ६५३.४. पण या बेरजेवरून काढलेली वाढ पुन्हा १० टक्केच येते, कारण अंदाजात तीच घातलेली होती. बेरीज पूर्ण झाली, वाढीबद्दल नवे काही कळले नाही.

सांख्यिकी मंत्रालयाने एप्रिल आणि मे २०२० चे किंमत निर्देशांक जुलै २०२० मध्ये दिले, तेव्हा ते अंदाजित असल्याचे स्पष्ट सांगितले. एप्रिल २०२१ च्या महागाई दराचा पाया म्हणजे यांपैकीच एक आकडा. तक्त्यात अशा आकड्यांसाठी ‘अंदाजित’ असा वेगळा रकाना ठेवला, तर वर्षभराने पाया तपासता येतो.

गैरसमज: आकडा उपलब्ध असला की तुलना बिनधोक.

वस्तुस्थिती: औद्योगिक उत्पादन निर्देशांक एप्रिल २०२० चाही निघाला, पण टाळेबंदीत अनेक कारखान्यांनी उत्पादन शून्य कळवले होते. जून २०२१ च्या पत्रकानुसार एप्रिल २०२१ चा निर्देशांक १२६.६ आणि एप्रिल २०२० चा ५४.० होता. या दोहोंवरून वाढ १३४ टक्के निघते. त्याच पत्रकात एप्रिल २०१९ चा १२६.५ हा आकडाही दिला होता. त्याच्याशी तुलना केली तर दोन वर्षांत उत्पादन जवळजवळ जागच्या जागी होते. इथे काहीही भरायचे किंवा वगळायचे नाही, कारण ५४.० हा मोजलेला आकडा आहे. अशा महिन्यासाठी एक वर्षाच्या वाढीशेजारी दोन वर्षांची वाढ छापली, तर कोणता भाग नुसती भरपाई आहे ते वाचकाला दिसते.