मोबाइल परत कसा घ्यायचा, तेवढं दाखवा

‘मुलाच्या हातात मोबाइल देताय? सावधान!’ असा मथळा, मागे भीतिदायक संगीत आणि शेवटी आईबापांवर ठपका. असे व्हिडिओ पुष्कळ आहेत. पण संध्याकाळी सातला कुकर लावायचा आहे, घरात दुसरं कुणी नाही आणि अडीच वर्षांचं पोर पायात घोटाळतंय, तेव्हा नेमकं काय करायचं, हे त्यांत नसतं.

मर्यादा बहुतेकांना ठाऊक असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या शिफारशींनुसार दोन वर्षांखालील मुलांना स्क्रीन नको आणि दोन ते चार या वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तर उत्तमच. घोडं अडतं ते मोबाइल परत घेताना. म्हणून उपयोगी व्हिडिओने दीड मिनिटात तेवढीच गोष्ट करून दाखवावी.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात अॅलेक्सिस हिनिकर आणि सहकाऱ्यांनी २०१६मध्ये यावरच अभ्यास केला. ‘अजून दोनच मिनिटं हं’ अशी आगाऊ सूचना दिली की मुलं उलट जास्त अडून बसतात, असं त्यांना आढळलं. व्हिडिओ आपसूक संपला किंवा बंद करणं रोजच्या क्रमातच बसलेलं असलं, तर मुलं सहज उठत होती. लहानग्याला दोन मिनिटं म्हणजे किती ते उमगत नाही; गाणं संपलं, हे मात्र कळतं.

आता पुन्हा सातची वेळ घेऊ. आई आधी ‘ऑटोप्ले’ बंद करते, म्हणजे एकामागून दुसरा व्हिडिओ आपोआप सुरू होत नाही. यूट्यूब किड्स असेल तर त्यातला टायमर वीस मिनिटांवर लावते. वेळ संपली की अॅपच थांबतं, आईला हिसकावून घ्यावं लागत नाही. मोबाइल देतानाच ती सांगते, ‘हे संपलं की आपण मटार सोलायचे.’ शेंगांचं ताट आधीच काढून ठेवलेलं असतं. स्क्रीन थांबताच ताट पुढे येतं आणि मोबाइल नजरेआड जातो.

पहिले काही दिवस रडारड होईल. तेव्हा जवळ घ्यावं, समजूत काढावी, पण मोबाइल परत देऊ नये. रडलं की मिळतो हे मूल फार लवकर शिकतं. शेंगांना तोंड लावलं नाही, तर दुसऱ्या दिवशी कणकेचा गोळा द्यावा. मूल कुरकुर करत का होईना, पुढच्या कामाकडे वळू लागलं की घडी बसतेय असं समजावं.

पाहुणे आले, आई आजारी पडली, प्रवास लांबला, तर हा क्रम मोडणारच. त्या दिवसाचा हिशेब व्हिडिओने मागू नये. उद्या टायमर पुन्हा वीस मिनिटांवर लावा, एवढं सांगून थांबावं.