स्पीड टेस्ट उत्तम, तरी आवाज तुटतो

ठाण्यातल्या एका दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये गणिताच्या एक शिक्षिका संध्याकाळी लॅपटॉपवरून दहावीचे वर्ग घेतात. वायफाय ६चा नवा राउटर घेतला, दोनशे एमबीपीएसचा प्लॅन घेतला आणि तेव्हापासून मुलांची तक्रार सुरू झाली, मॅडम, तुमचा आवाज तुटतोय. त्यांच्या बाजूला सगळं ठीक दिसतं. मुलांचा आवाज नीट येतो, स्पीड टेस्ट केली की आकडा पूर्ण मिळतो. इंटरनेट कंपनीचा माणूस येऊन तीच टेस्ट दाखवतो आणि जातो. "लाइन चांगलीच आहे हो, पण पोरांना माझं निम्मं ऐकूच जात नाही," हे त्यांचं म्हणणं अगदी खरं असतं.

ही तक्रार आता बऱ्याच घरांतून ऐकू येते. तिचं उत्तर अनेकदा राउटरच्या सेटिंगमधल्या एका नावाशी येऊन थांबतं, ओएफडीएमए. त्याच पानावर शेजारी आणखी दोन नावं असतात, बीमफॉर्मिंग आणि एमयू-मायमो. खोक्यावर तिन्ही मोठ्या अक्षरांत छापलेली असतात, त्यामुळे ती बंद केली तर आपलंच नुकसान होईल असं वाटतं. प्रत्यक्षात तिघांचं काम वेगळं आहे आणि घरात बंद करून बघण्यासारखं आहे ते मुख्यतः एकच.

जुन्या वायफायची रीत साधी होती. ज्या उपकरणाला काही पाठवायचं आहे ते चॅनेल मोकळं आहे का ते ऐकतं, थोडा यादृच्छिक वेळ थांबतं आणि पाठवून देतं. त्या क्षणी सगळं चॅनेल त्याचं असतं. पाठवायचा तुकडा लहान असला तरी. पंचवीस-तीस फोन एका खोलीत असले की सगळा वेळ थांबण्यात आणि एकमेकांना अडवण्यात जातो. वायफाय ६ने, म्हणजे ८०२.११एएक्स या मानकाने, यावर उपाय काढला. चॅनेलच्या बारीक बारीक लहरींचे गट करायचे आणि एकाच वेळी वेगवेगळ्या उपकरणांना वेगवेगळे गट द्यायचे. वीस मेगाहर्ट्झच्या चॅनेलचे असे जास्तीत जास्त नऊ भाग होतात, म्हणजे नऊ उपकरणांचे छोटे तुकडे एकाच खेपेत जाऊ शकतात. हेच ओएफडीएमए. वसतिगृह, मोठं ऑफिस, शंभर मुलांचा वर्ग इथे त्याचा खरा उपयोग होतो.

त्याची दोन रूपं आहेत. राउटरकडून उपकरणांकडे जाणाऱ्या वाहतुकीत फार काही बिघडत नाही, कारण काय कोणाला पाठवायचं हे राउटरला माहीत असतंच. उलट दिशेला गोष्ट अवघड होते. लॅपटॉपला किती बोलायचं आहे हे राउटरला कसं कळणार? त्यासाठी राउटर आधी विचारणा करतो, मग ट्रिगर फ्रेम नावाचा छोटा संदेश पाठवून सांगतो की तू, तू आणि तू, आता या या भागात पाठवा. वर्गात हात वर करून बोलण्याऐवजी बाईंनी नाव पुकारल्यावरच बोलायचं, तसा हा बदल आहे.

आणि नेमकी इथेच एक बारीक तरतूद आहे, जी खोक्यावर कुठेही लिहिलेली नसते. मानकाने राउटरला एक अधिकार दिला आहे. ज्या उपकरणाला आपण नाव पुकारून संधी देतो, त्याने काही काळ स्वतःहून बोलायची घाई करू नये, असं तो जाहीर करू शकतो. ते उपकरण मग मोकळं चॅनेल दिसलं तरी जास्त वेळ थांबतं, कारण आपली पाळी येणारच आहे असं ते धरून चालतं. राउटरचं वेळापत्रक चांगलं असेल तर पाळी लगेच येते. ते कच्चं असेल, किंवा राउटरच्या आणि लॅपटॉपच्या वायफाय ड्रायव्हरचं जमत नसेल, तर पाळी उशिरा येते आणि मधल्या काळात लॅपटॉप गप्प राहतो. शिक्षिकेचा आवाज दर वीस मिलिसेकंदांच्या आसपास एक छोटा तुकडा म्हणून बाहेर पडत असतो. असे काही तुकडे ठरल्या वेळेनंतर पोहोचले की समोरचा प्रोग्राम ते टाकून देतो आणि मुलांना शब्द अर्धा ऐकू येतो. स्पीड टेस्ट मात्र एकाच वेळी ढीगभर माहिती ओतते, आणि मोठ्या ढिगात थोडा उशीर झाला तरी एकूण आकडा चांगलाच येतो. म्हणून ती या दोषाबद्दल काहीच सांगत नाही.

मग दोष ओळखायचा कसा? आधी लॅपटॉप वायफाय ६वर आहे का ते बघा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून `netsh wlan show interfaces` लिहिलं की रेडिओ टाइपच्या ओळीत `802.11ax` दिसायला हवं. तिथे `802.11ac` किंवा `802.11n` असेल तर हा लॅपटॉप ओएफडीएमएत भाग घेतच नाही, आणि कारण दुसरीकडे शोधावं लागेल. मग वर्ग चालू असतानाच राउटरला पिंग करा. राउटरचा पत्ता बहुधा 192.168.0.1 किंवा 192.168.1.1 असतो.

```
ping -n 100 192.168.0.1
```

हा पिंग घराबाहेर जातच नाही, त्यामुळे इंटरनेट कंपनीचा संबंध संपतो. त्या शिक्षिकेच्या घरी ओळी साधारण अशा होत्या:

```
time=3ms
time=4ms
time=118ms
time=3ms
time=86ms
```

एकाच खोलीत, राउटरपासून काही पावलांवर, दोन-चार मिलिसेकंदांवर स्थिर राहायला हवं होतं. मधूनच शंभरच्या आसपास उडी म्हणजे हवेतच काहीतरी अडतंय. इथे एक सावधगिरी हवी. बॅटरीवर चालणारा लॅपटॉप किंवा फोन वीज वाचवण्यासाठी रेडिओला झोपवतो आणि त्यामुळेही अशाच उड्या दिसतात. म्हणून चार्जर लावून, कॉल चालू ठेवूनच मोजायचं. शक्य असेल तर एकदा लॅन केबल लावून तोच पिंग घ्या. केबलवर सगळे आकडे एकच्या आसपास आणि वायफायवर उड्या, असं दिसलं की राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायला हरकत नाही.

हे सेटिंग वायरलेसच्या प्रगत पानावर असतं. काही राउटरवर फक्त चालू-बंद असतं, काहींवर टप्पे असतात. आसुसच्या अनेक राउटरवर `OFDMA/802.11ax MU-MIMO` या ओळीत `DL OFDMA only` असा पर्याय मिळतो. तो निवडला की उपकरणांकडे जाणारी दिशा तशीच राहते आणि उलट दिशा जुन्या रीतीने चालते. ठाण्याच्या घरात हेच केलं. पिंगच्या उड्या थांबल्या आणि आवाज सलग जाऊ लागला. ज्या राउटरवर टप्पे नाहीत तिथे पूर्ण ओएफडीएमए बंद करा. दोन लॅपटॉप, चार फोन आणि एक टीव्ही एवढ्या घरात गमावण्यासारखं फारसं काही नाही, कारण एकाच क्षणी बोलायला उत्सुक असलेली उपकरणं तिथे क्वचितच तीनहून जास्त असतात. मी तर म्हणेन, लहान घरात घरून काम किंवा शिकवणं चालत असेल आणि आवाज तुटत असेल, तर सगळ्यात आधी हेच बटण तपासावं.

एमयू-मायमोची गोष्ट वेगळी. इथे चॅनेलचे भाग पडत नाहीत, अनेक अँटेना एकत्र वापरून एकाच वेळी, एकाच लहरीवर दोन फोनना वेगवेगळी माहिती पाठवली जाते. हिशोब करून बघा. बाजारात सर्वाधिक खपणारे राउटर पाच गिगाहर्ट्झवर दोन अँटेनांचे असतात. बाहेर चार काड्या दिसतात, पण बऱ्याचदा त्यातल्या दोन २.४ गिगाहर्ट्झच्या असतात. दोन अँटेनांवर एका वेळी दोनच प्रवाह जातात. तुमचा फोनही बहुधा दोन प्रवाह घेऊ शकतो. म्हणजे एकट्या फोनला दोन्ही प्रवाह मिळतात, आणि एमयू-मायमो लागलं तर दोन फोनना एकेक. बेरीज तीच. वर, प्रत्येक फोनकडून तो नेमका कुठे कसा ऐकतोय याचा अहवाल वारंवार मागवावा लागतो आणि त्यातही वेळ जातो. हातात फोन घेऊन माणूस चालू लागला की तो अहवाल शिळा होतो, एकाचा प्रवाह दुसऱ्यात मिसळतो आणि तुकडे पुन्हा पाठवावे लागतात. दोन अँटेनांच्या राउटरवर हे बंद ठेवलं तरी फरक पडत नाही. चार किंवा आठ अँटेनांच्या राउटरवर, टेबलावर स्थिर असलेल्या उपकरणांसाठी, ते चालू ठेवण्यात अर्थ आहे.

बीमफॉर्मिंगकडे मात्र लोक उगाच संशयाने बघतात. त्यात राउटर प्रत्येक अँटेनाचा सिग्नल किंचित मागेपुढे करून पाठवतो, म्हणजे फोनपाशी सगळे सिग्नल एकमेकांना बळ देतात. त्यासाठी राउटर एक चाचणी संदेश पाठवतो आणि फोन तो कसा पोहोचला ते परत कळवतो. ही परस्परसंमतीची पद्धत वायफाय ५पासून, म्हणजे २०१३च्या मानकापासून, सगळ्यांसाठी एकसारखी ठरली आहे आणि ती सहसा त्रास देत नाही. तिचा फायदा मधल्या अंतरावर दिसतो, म्हणजे एका भिंतीपलीकडच्या खोलीत. राउटरशेजारी सिग्नल आधीच भरपूर असतो. तीन काँक्रीट भिंतींपलीकडे राउटरचा आवाज पोहोचला तरी फोनचा उलटा आवाज पोहोचत नाही, तिथे बीमफॉर्मिंग काही करू शकत नाही. काही राउटरवर मात्र आणखी एक प्रकार असतो, `Implicit Beamforming` किंवा `Universal Beamforming`. तो जुन्या उपकरणांसाठी आहे. फोन काही कळवत नाही, राउटर स्वतःच अंदाज बांधतो. हा अंदाज चुकतो तेव्हा जुना टीव्ही किंवा कॅमेरा जवळ असूनही हळू चालतो. तसं दिसलं तर फक्त हाच प्रकार बंद करा, मुख्य बीमफॉर्मिंग राहू द्या.

आता एक नेहमीचा गोंधळ. जुना प्रिंटर किंवा स्मार्ट प्लग नव्या राउटरला जोडतच नाही, नेटवर्कचं नावही त्याला दिसत नाही. अशा वेळी ओएफडीएमए बंद करून बरेचदा काहीच होत नाही, आणि त्याचं कारण आहे. ही उपकरणं ओएफडीएमए वापरतच नाहीत. ती अडखळतात ती राउटर दर काही क्षणांनी जी स्वतःची ओळख प्रसारित करतो त्यातल्या नव्या मजकुरावर. तो मजकूर ओएफडीएमए बंद करूनही जात नाही. त्यासाठी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर वायफाय ६चा मोडच बंद करावा लागतो. बहुतेक ठिकाणी तो `802.11ax` असा लिहिलेला असतो आणि पाच गिगाहर्ट्झपासून वेगळा बदलता येतो. नाव दिसतं पण पासवर्ड बरोबर असूनही जोडणी होत नसेल तर संशय सुरक्षा सेटिंगवर घ्या. डब्ल्यूपीए३ असेल तर २.४ साठी डब्ल्यूपीए२ करून बघा.

बदल एका वेळी एकच करायचा आणि प्रत्येकानंतर तोच पिंग, त्याच जागी, तसाच कॉल चालू ठेवून घ्यायचा. तिन्ही बटणं एकदम बंद केली आणि आवाज सुधारला, तर कोणत्यामुळे ते कधीच कळत नाही आणि बीमफॉर्मिंगसारखी चांगली सोय विनाकारण जाते. राउटरचं आणि लॅपटॉपच्या वायफाय ड्रायव्हरचं अपडेट आलं की ओएफडीएमए पुन्हा चालू करून पिंग तपासा, कारण पाळी लावण्याचं वेळापत्रक सुधारतं ते याच अपडेटमधून. काही राउटर अपडेटनंतर सगळी सेटिंग मूळ पदावर आणतात. आवाज अचानक पुन्हा तुटू लागला तर सेवा केंद्राला फोन करण्याआधी ते पान एकदा उघडून बघा.