ज्योत निळी की पिवळी?

गॅसच्या शेगडीची ज्योत निळी व स्थिर असली, की मी निर्धास्त असते. ती पिवळी, लांबट झाली म्हणजे गॅसला हवा पुरत नाही असे समजावे. मग अर्धवट जळलेल्या गॅसची काजळी पातेल्याच्या बुडाला बसते नि इंधन फुकट जाते. मीठ उडून क्षणभर नारिंगी झालेली ज्योत मात्र दोषाची नव्हे.

शेजारच्या वहिनींकडे दूध उतू जाऊन बर्नरची निम्मी भोके बुजली होती. वाट अडली, की आत हवाही कमी ओढली जाते. रेग्युलेटर बंद करून, थंड बर्नर उचलून आम्ही भोके टाचणीने मोकळी केली. धुऊन पुरता वाळवला. हवेच्या छिद्रातले जाळेही काढले. ज्योत निळी झाली! गॅस येतो त्या बारीक तोंडात मात्र टाचणी घालू नये. ते रुंदावले, तर ज्योत पुन्हा पिवळी व्हायची.