तिसऱ्या समीकरणातला धक्का

इमारतीखालच्या पार्किंगमध्ये दोन कॉलम आणि त्यांच्या डोक्यावरचा बीम मिळून जी चौकट दिसते, तिला इंजिनिअर पोर्टल फ्रेम म्हणतात. वरून येणारे वजन ती निमूट पेलते. तिची खरी परीक्षा होते ती वारा किंवा भूकंप तिला बाजूने ढकलतो तेव्हा. अशा वेळी चौकट अख्खी एका अंगाला सरकते, कॉलम कलतात आणि कोपरे थोडे फिरतात. यात कुठे किती ताण आला, हे कागद-पेन्सिलीने काढण्याची एक जुनी रीत आहे: स्लोप डिफ्लेक्शन पद्धत. जर्मनीत ॲक्सेल बेंडिक्सन यांनी 1914 साली आणि अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या जॉर्ज मॅनी यांनी 1915 साली ती मांडली.

एक चौकट घेऊ. कॉलम 4 मीटर उंच, तळाशी पक्के जखडलेले. बीम 6 मीटर लांब. डाव्या कोपऱ्यावर, बीमच्या पातळीत, उजवीकडे ढकलणारा 42 किलोन्यूटनचा जोर. म्हणजे जवळजवळ सव्वाचार टन. दोन्ही कॉलमच्या तळाशी आडवा आधार, उभा आधार आणि मोमेंट असे तीन-तीन मिळून सहा आकडे हवेत. मोमेंट म्हणजे एखाद्या ठिकाणी कॉलमला किंवा बीमला वाकवू पाहणारा पीळ. समतोलाचे नियम मात्र तीनच समीकरणे देतात, म्हणून नुसत्या समतोलावर गाडी पुढे जात नाही.

या पद्धतीची युक्ती अशी, की बळे किती हे ती आधी विचारतच नाही. कोपरे किती फिरले आणि कॉलम किती कलला, एवढेच ती विचारते. ते कळले की प्रत्येक टोकाचा मोमेंट एकाच सूत्रातून निघतो:

M = 2EK(2θ + θ′ − 3ψ)

E म्हणजे काँक्रीटचा ताठपणा. K म्हणजे छेदाचा जडपणा भागिले लांबी; कॉलम जाड आणि आखूड असेल तर K मोठा. θ म्हणजे आपल्या टोकाचे फिरणे, θ′ पलीकडच्या टोकाचे, आणि ψ म्हणजे कॉलमचा कल. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणे धन धरायचे. त्या वजा तीनकडे जरा थांबून पाहा. कॉलम कलला पण त्याची दोन्ही टोके मात्र सरळच धरून ठेवली, तर कॉलमच्या दृष्टीने दोन्ही टोके ψ एवढी उलटी फिरवल्यासारखेच झाले. आपल्या टोकाचे दोन आणि पलीकडच्याचा एक असे ते तीन. हे पटले की सूत्र पाठ करावे लागत नाही.

आता अज्ञात राशी मोजू. दोन कोपऱ्यांची फिरणी आणि एक कल. बीमची लांबी बदलत नाही असे मानले, की दोन्ही कॉलमांची डोकी सारखीच सरकतात आणि त्यांचा कल एकच राहतो. आपली चौकट दोन्ही बाजूंनी सारखी आहे, त्यामुळे कोपरेही सारखेच फिरतात. बीम आणि कॉलम यांचा K मी मुद्दाम समान घेतला आहे, म्हणजे आकडे सुटसुटीत येतात. उरल्या दोनच राशी, θ आणि ψ.

पहिले समीकरण कोपऱ्याचे. तिथे कॉलमचा आणि बीमचा मोमेंट मिळून शून्य व्हायला हवा. कॉलमचा 2EK(2θ − 3ψ), बीमचा 2EK(3θ). बेरीज शून्य केली की θ = 0.6ψ.

विद्यार्थी घसरतात ते नेमके इथे. या समीकरणात 42 किलोन्यूटन कुठेच नाही! जोर कोपऱ्यावरच लागला आहे, त्यामुळे तो कोणत्याही कॉलमला किंवा बीमला मधूनच वाकवत नाही आणि कोपऱ्याच्या मोमेंटच्या हिशेबातही येत नाही. चौकट सरकते हे विसरून ψ शून्य धरला, तर θ शून्य आणि सगळे मोमेंटही शून्य. कोपऱ्यांचा समतोल मात्र तंतोतंत जुळतो. सव्वाचार टन गायब झाले, तरी कागदावर काही बिनसल्याचे दिसत नाही.

गायब झालेला जोर परत आणते ते शिअर समीकरण. दोन कोपऱ्यांच्या दोन समीकरणांनंतरचे हे तिसरे, आणि सगळा धक्का त्यातच आहे. कॉलमांच्या वरच्या टोकांतून आडवा छेद घेतला, तर त्या छेदावरचा आडवा प्रतिकार मिळून 42 भरला पाहिजे. कॉलममधला आडवा जोर म्हणजे त्याच्या दोन टोकांच्या मोमेंटची बेरीज भागिले उंची. म्हणून चारही मोमेंटची बेरीज 42 × 4 = 168 किलोन्यूटन-मीटर. चिन्हे विरुद्ध असतात, तेवढे भान ठेवायचे. θ = 0.6ψ घातल्यावर तळाचा मोमेंट 4.8EKψ, माथ्याचा 3.6EKψ, आणि दोन्ही कॉलमांची बेरीज 16.8EKψ. यावरून EKψ = 10. तळाशी 48, माथ्याला 36, बीमच्या टोकांनाही 36.

पडताळा दोन तऱ्हांनी घ्यावा. एका कॉलमचा आडवा जोर (48 + 36) / 4 = 21, दोघांचा मिळून 42. पण हा पडताळा आपण वापरलेल्याच समीकरणाचा आहे, म्हणून दुसरा जास्त मोलाचा. बीममधला उभा जोर (36 + 36) / 6 = 12. तेवढ्याने डावा कॉलम उचलला जातो आणि उजवा दाबला जातो. चौकट उलथवणारा 168 चा मोमेंट तळाच्या 48 + 48 आणि 12 × 6 = 72 यांनी बरोबर भागतो. चिन्हाची चूक झाली असेल तर ती बहुधा इथे पकडली जाते.

बीम किती ताठ यावर हे वाटप ठरते. बीम अगदी लेचापेचा असेल तर माथ्याला शून्य आणि प्रत्येक तळाशी 84. बीम अढळ असेल तर कोपरे फिरतच नाहीत आणि चारही टोकांना 42. दुसरी स्थिती काल्पनिक वाटेल, पण खालचा मजला पार्किंगसाठी मोकळा आणि वर विटांच्या भिंतींनी भरलेले मजले, अशी इमारत तिच्या बरीच जवळ जाते. वरचा ताठ डोलारा जवळजवळ एकसंध सरकतो आणि सगळा कल तळमजल्याच्या कॉलमांच्या वाट्याला येतो. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात अहमदाबादेत अशा कित्येक इमारतींचे तळमजले कोसळले.

आपली चौकट किती मिलिमीटर सरकते? कॉलम 300 × 300 मिमी, बीम 300 रुंद आणि 343 खोल (साइटवर 350 ओततील, K समान यावा म्हणून हा अवघडलेला आकडा), काँक्रीट एम25, म्हणजे E 25,000 मेगापास्कल. उत्तर येते 9.5 मिमी. आयएस 456 नुसार वाऱ्याखाली उंचीच्या पाचशेव्या भागापेक्षा, म्हणजे 8 मिमीपेक्षा जास्त सरकू नये. तेव्हा वाऱ्यासाठी चौकट नापास. भूकंपासाठी आयएस 1893 मजल्याच्या उंचीच्या 0.004 पट, म्हणजे 16 मिमी चालवून घेते. तिथे ती पास.

पण हे भेगा न गेलेल्या काँक्रीटचे गणित झाले. भूकंपाच्या हिशेबात आयएस 1893 (2016) कॉलमचा जडपणा 70 टक्के आणि बीमचा 35 टक्केच धरायला सांगते. तीच समीकरणे नव्याने सोडवली, तर θ = 0.857ψ येतो. तळाचा मोमेंट 52.5 वर चढतो, माथ्याचा 31.5 वर उतरतो आणि सरकणे होते 16.6 मिमी. मर्यादा थोडक्यात हुकली. कॉलमला हात न लावता बीमची खोली 450 मिमी केली, की हाच आकडा सुमारे 13 वर येतो.